बंडूजींची पंधरा मिनिटं

बंडूजी आर्वी डेपोला कंडक्टर म्हणून लागले तेव्हा त्यांच्या काखेत तिकिटांची पेटी होती आणि निवृत्त झाले तेव्हा गळ्यात मशीन होतं. मधल्या काळात एसटीत पुष्कळ बदललं. बंडूजी तेवढे होते तिथेच राहिले. ओळखीचा पॅसेंजर मागे ठेवून त्यांची गाडी कधी सुटली नाही, ही त्यांची ख्याती होती. आणि त्या रस्त्यावर त्यांना अनोळखी असं कुणी नव्हतंच, ही ड्रायव्हर लोकांची कटकट होती.

गाडी फाट्यावर उभी आहे, ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबून चिडतोय आणि बंडूजी दारात लटकून लांब वावरातल्या पायवाटेकडे बघतायत, हे दृश्य पंचक्रोशीनं किती वेळा पाहिलं असेल! वाटेवर छत्रीचं टोक दिसलं, की बंडूजींच्या हिशेबी ती छत्री गाडीत बसलेली असे. एकदा एक बाई चढली आणि चूल विझवायची राहिली म्हणून परत उतरून घरी गेली. तेव्हाही गाडी थांबली. बाई चूल विझवून, वर डब्यात चार भाकरी घालून आली आणि त्यातली एक ड्रायव्हरला दिली, तेव्हा कुठे तो गप्प झाला. सगळे आत आल्याची खात्री झाली म्हणजे बंडूजी दोरी दोनदा ओढत. डबल बेल. म्हणजे निघा.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला, तर घराचं काय होणार? स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते बायकोला, मनकर्णाबाईंना, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय" असं सांगू लागले. पाहुणे निघाले की उंबऱ्यात अडवून ठेवू लागले. महिनाभर मनकर्णाबाईंनी सोसलं. मग एक दिवस लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, "अजी, कुठी तरी जात जा बरं दिवसाचे. मले घरात कंडक्टर नाई लागत."

शहरातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल पौर्णिमाताई त्यांच्याच गल्लीतल्या. मनकर्णाबाईंनी परस्पर त्यांच्या कानावर घातलं आणि बंडूजी तुटपुंज्या मानधनावर वाचनालयाच्या अभ्यासिकेत काउंटरला बसू लागले.

त्या अभ्यासिकेची कथा अशी, की खुर्च्या थोड्या आणि पोरं फार. पोलीस भरती, तलाठी, बँक, जे काय निघेल त्याचा अभ्यास करणारी पोरंपोरी तालुक्यातून यायची. पूर्वी पहाटे येऊन जो खुर्चीवर रुमाल टाकेल त्याची खुर्ची, असा एसटीचाच कायदा होता. रुमाल दिवसभर अभ्यास करायचा आणि मालक चहाच्या टपरीवर. मग पौर्णिमाताईंनी कमिटीला पटवून नवी पद्धत आणली. मोबाईलवरून खुर्ची बुक करायची. उद्याचं बुकिंग आज संध्याकाळी आठला उघडणार. एक पाळी दोन तासांची, एकाला दिवसात दोनच पाळ्या. पाळी सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत काउंटरवर कार्ड दाखवून हजेरी लावायची. नाही लावली तर कॉम्प्युटर आपला आपण गैरहजेरी मांडणार आणि खुर्ची प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला देणार. येणं होणार नसेल तर अर्धा तास आधीपर्यंत बुकिंग रद्द करा, काही बिघडत नाही. पण न सांगता महिन्यात तीनदा गैरहजर राहिलात, तर सात दिवस बुकिंग बंद.

"कळलं न बंडूजी?" पौर्णिमाताईंनी विचारलं.

"हाव मॅडम. रिझर्व्हेशनच हाय ते."

कार्डावर मशीन धरलं की स्क्रीनवरची खुर्ची हिरवी होई. कार्ड विसरून येणाऱ्यांसाठी आणखी एक सोय होती: सभासद क्रमांक हातानं टाकून 'हजर' दाबायचं. पौर्णिमाताईंनी ही सोय विसराळू पोरांसाठी ठेवली होती. बंडूजींच्या हातात ती पडली आणि माकडाच्या हाती कोलीत म्हणतात तसं झालं.

पहिल्याच आठवड्यात रुपेशचा फोन आला. हा रुपेश म्हणजे पोलीस भरतीच्या तयारीतला, उंच, दणकट, गोड बोलणारा आणि टपरीचा आद्य रहिवासी. "काका, मी येऊनच राह्यलो. वळणावर हाव."

बंडूजींनी खिडकीतून बघितलं. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर एक डोकं हलल्यासारखं वाटलं. डोकं दिसलं म्हणजे माणूस गाडीत. त्यांनी रुपेशचा क्रमांक टाकून 'हजर' दाबलं. ते डोकं एका केळीवाल्याचं निघालं आणि रुपेश पुष्कळ उशिरानं आला, पण आला तर खरा! बंडूजींना गाडी सांभाळल्याचं समाधान मिळालं.

बातमी टपरीवर पोचायला कितीसा वेळ लागतो? बंडूजींचा फोन दर पाळीला वाजू लागला. "काका, निघालोच." "काका, गाडीले किक मारून राह्यलो." "काका, चप्पल घालून राह्यलो." बंडूजी प्रत्येकाला "ये, ये, सावकाश ये, पडजो नको" म्हणत आणि दाबत. महिन्याच्या शेवटी पौर्णिमाताईंनी अहवाल काढला, तर गैरहजेरी शून्य. एकही नाही! कमिटीच्या बैठकीत बंडूजींचं कौतुक झालं, गुलाबाचं फूल देण्यात आलं. आर्वीची पोरं इतकी शिस्तीची आहेत हे ऐकून एका सभासदाला भरून आलं.

या सगळ्या शिस्तीत एक मुलगी मात्र रोज व्हरांड्यात उभी असे. तिचं नाव अंकिता. ती रोहण्याहून एसटीनं यायची. रुपेशसारखीच तिचीही पोलीस भरतीची लेखी परीक्षा होती. घरात पाठोपाठची भावंडं आणि एकच खोली, तेव्हा अभ्यास व्हायचा तो इथेच. संध्याकाळी आठला बुकिंग उघडे तेव्हा ती गच्चीवर चढून रेंज शोधत असे आणि रेंज सापडेपर्यंत खुर्च्या संपलेल्या असत. मग सकाळी येऊन प्रतीक्षा यादीत नाव लावायचं आणि कुणी गैरहजर राहील याची वाट बघायची. आणि गैरहजर तर कुणी राहतच नव्हतं.

बंडूजींचा जीव तिच्यासाठी तुटायचा. एकदा ते उठले आणि काउंटरमागची आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "घे, यावर बस. मी उभा राह्यतो, मले सवय हाय."

अंकिता बसली नाही. "ते तुमची खुर्ची हाय काका. मले माही पाहिजे."

"तुही कुठून आणू बाई? गाडी फुल हाय."

तिनं काचेतून आत बोट दाखवलं. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. स्क्रीनवर सगळ्या हिरव्यागार. "काका, एक विचारू? तुमच्या गाडीत सीट रिकामी असली अन् बाई उभी असली, तर तुम्ही तिले बसू नव्हते देत का? सीटवाला पुढच्या गावाले चढणार हाय म्हणून?"

तिच्या बोलण्यात रागही नव्हता. खरंच विचारल्यासारखं विचारलं आणि ती पुन्हा व्हरांड्याच्या कठड्याला टेकून पुस्तक वाचू लागली.

बंडूजींना त्या दिवशी डबा गोड लागला नाही. पंचक्रोशीत कुणी त्यांना लबाड म्हणालं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं, पण उभ्या पॅसेंजरसमोर रिकामी सीट नेली, हे कुणी म्हणालं नव्हतं कधी. रिझर्व्हेशनवाला त्याच्या थांब्यावर चढला नाही, की ते स्वतः हाताला धरून म्हातारीला त्या सीटवर बसवत. हा नियम त्यांना वही-पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. आणि इथे रोज डझनभर सीट ते टपरीवरच्या लोकांसाठी रिकाम्या नेत होते. येणाऱ्यासाठी थांबण्याच्या नादात आलेल्याला उभं ठेवलं, ही आपली चूक त्यांना आरशासारखी दिसली आणि त्यांना स्वतःची भारी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रुपेशचा फोन आला. "काका, निघालोच."

"मी बी निघालो," बंडूजी म्हणाले आणि फोन ठेवला.

पंधरा मिनिटं झाली. रुपेशची खुर्ची लाल झाली. बंडूजींनी तिकिटांना भोक पाडायचा जुना पंच घरून आणला होता. तो काउंटरवर ठोकून त्यांनी प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव पुकारलं, "अंकिता! चला, चढा लवकर!" मग दुसरं, मग तिसरं. टपरीवर हाहाकार माजला. रुपेश धापा टाकत आला, तर त्याच्या खुर्चीवर अंकिता बसून गणितं सोडवत होती.

"काका, तुम्ही असे काऊन करून राह्यले? मी येतच होतो न!"

"येणारा येतच असते बाबू. आलेला बसते."

त्या महिन्याचा अहवाल बघून पौर्णिमाताई काउंटरवर आल्या. "बंडूजी, गेल्या महिन्यात एक गैरहजेरी नव्हती. या महिन्यात ही रांग! काय झालं?"

"साथ आली मॅडम," बंडूजी स्क्रीनकडे बघत म्हणाले.

पौर्णिमाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. गेल्या महिन्याच्या हजेऱ्यांपैकी किती हातानं टाकलेल्या होत्या, हे त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतच होतं. "गेल्या महिन्यातली साथ पुन्हा नको यायला," एवढंच म्हणून त्या गेल्या. कमिटीला त्यांनी काही सांगितलं नसावं, कारण गुलाबाचं फूल कुणी परत मागायला आलं नाही.

बंडूजी आता तिकिटं तपासायला आलेल्या नव्या इन्स्पेक्टरसारखे कडक झाले. पण मन दगडाचं नव्हतं. दर पोराला ते बजावत, "यायचं नसन तर आधी रद्द करा रे! अर्धा घंटा आधी. उतरणाऱ्यानं आधी सांगा लागते." पोरं हळूहळू शिकली. रद्द करू लागली, खुर्च्या फिरू लागल्या. रुपेशचं तर एकदा सात दिवस बुकिंग बंद झालं. त्या आठवड्यात तो व्हरांड्यात उभा राहून वाचताना दिसे आणि त्याच्याच म्हणण्याप्रमाणे तेवढा अभ्यास त्यानं टपरीवर कधी केला नव्हता.

अंकितालाही आता बुकिंग मिळू लागलं. पण दोनदा तिची गैरहजेरी लागली. एकदा घरी सोयरिकीचे पाहुणे आले आणि आईनं चहा-पोह्यात अडकवलं. दुसऱ्यांदा तापानं पडून राहिली आणि रद्द करायचं सुचलं नाही. "अंकिता, दोन झाल्या हो," बंडूजी म्हणाले, "आता तिसरी नको. परीक्षा आठ दिवसांवर आली तुही."

"नाई होणार काका."

आणि नेमकी झाली. सकाळची दहाची पाळी होती. रोहण्याच्या पुढे कापसानं गच्च भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर कलंडला आणि पुलगावकडून येणारी तिची गाडी त्याच्यामागे अडकली. अंकिताचा फोन आला तेव्हा रद्द करायची वेळ निघून गेलेली होती.

"काका, लोकं कापूस भरून राह्यले. आता सुटते गाडी."

"कंडक्टर कोण हाय?" बंडूजींनी विचारलं आणि मग त्यांच्याच लक्षात आलं, की याचा काही उपयोग नाही.

दहा वाजले. बंडूजी एकदा स्क्रीनकडे, एकदा खिडकीकडे बघू लागले. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव रुपेशचं होतं. तो काउंटरवर कोपर टेकून उभा होता. अंकिताची खुर्ची स्क्रीनवर पिवळी होती, म्हणजे हजेरी अजून बाकी. क्रमांक बंडूजींना पाठ होता. चार आकडे टाकायचे, एक बटण दाबायचं, झालं.

पंधरावं मिनिट लागलं आणि पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर अंकिता दिसली. केळीवाला नव्हे, तीच. दप्तर छातीशी धरून, ओढणी खांद्यावरून ओघळलेली, बसस्टँडपासून पळत येत होती.

"काका, दिसली!" रुपेश ओरडला. "दाबा न! मी काही म्हणत नाई. दाबा!"

बंडूजींचं बोट बटणावर होतं. सारं आयुष्य या एका शब्दावर त्यांनी गाड्या थांबवल्या होत्या. दिसली. पण काउंटरच्या या बाजूला रुपेश उभा होता, त्याच्यामागे आणखी दोघं उभे होते, आणि त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः शिकवलं होतं, की आलेला बसतो. एकदा दाबलं की उद्या पुन्हा सगळं गाव वळणावर दिसू लागणार. त्यांनी बोट काढून घेतलं. त्यांना फार वाईट वाटलं.

खुर्ची लाल झाली आणि लगेच रुपेशचं नाव वर आलं.

"मी नाई बसत," रुपेश म्हणाला.

"बस म्हणतो न! रिकामी सीट नाई चालत मले."

रुपेश मान खाली घालून आत गेला आणि अंकिता दारात आली. सात दिवस बुकिंग बंद, असा निरोप तिच्या फोनवर आलेलाच होता. तिनं तो वाचला, बंडूजींकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बंडूजी उठून पौर्णिमाताईंच्या खोलीत गेले.

"मॅडम, ट्रॅक्टर कलंडला होता. खोटं नाई."

"माहीत आहे बंडूजी, खोटं नाही. पण गाडीच्या उशिराला माफी दिली, तर उद्यापासून अर्ध्या आर्वीचा ट्रॅक्टर कलंडेल." पौर्णिमाताईंनाही बरं वाटत नव्हतं, हे त्यांच्या आवाजात कळत होतं. "तिला पेपरच्या खोलीत बसू द्या. तिथे बुकिंग लागत नाही."

पेपरच्या खोलीत राजकारणावर म्हाताऱ्यांची जुंपलेली असते आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज एका बहिऱ्याचा असतो. तिथे पोलीस भरतीचा अभ्यास व्हायचा म्हणजे लाठीमाराचाच झाला असता.

बंडूजी परत आले. अंकिता व्हरांड्याच्या कठड्याला टेकून पुस्तक उघडत होती, जणू मधले दोन महिने आलेच नव्हते. त्यांनी काउंटरमागची खुर्ची उचलली, फडक्यानं पुसली, भिंतीकडे तोंड करून ठेवली. काउंटरवरचा फोन आवाज बंद करून खिशात टाकला.

"ये," ते म्हणाले.

"ते तुमची हाय काका."

"तवा नाई बसली, बरोबर केलं. तुही सीट होती अन् मी दुसऱ्याले धरून ठेवली होती. आज तुही सीट गेली. ते मीच जाऊ देली. आता बस."

"दाबलं नाई म्हणून राग नाई आला मले," अंकिता म्हणाली. "दाबलं असतं तर मी रुपेशच्या समोरून कशी गेली असती?"

मग ती बसली. दुपारी पौर्णिमाताई बाहेर आल्या, तर काउंटरमागे अंकिता इतिहास वाचतेय आणि शेजारी बंडूजी ताठ उभे.

"बंडूजी, ही कोणत्या बुकिंगवर?"

"हे कंडक्टरची सीट हाय मॅडम. हिचं बुकिंग होत नाई."

पौर्णिमाताई स्क्रीनकडे बघत राहिल्या. स्क्रीनवर ती खुर्ची नव्हतीच. लाल नाही, हिरवी नाही. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळानं स्वतः एक स्टूल घेऊन बाहेर आल्या. बंडूजींनी त्यावर पाण्याचा माठ ठेवला.

सगळा आठवडा ते उभे राहिले. रात्री घरी मनकर्णाबाई पाय चेपून देत आणि म्हणत, "तुम्हाले बसाची नोकरी लावून देली होती मी." बंडूजी म्हणत, "ते बसून राह्यली न."

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अंकितानं पुस्तकं दप्तरात भरली, खुर्ची उचलून जागेवर ठेवली. सात दिवसांची बंदी दुसऱ्याच सकाळी उठणार होती आणि दुसऱ्या सकाळी तिला खुर्चीची गरज नव्हती. रुपेशही निघालेला होता, त्याचंही केंद्र वर्ध्याचंच होतं.

"निघू का काका?" तिनं विचारलं.

बंडूजींनी एकदा खिडकीतून वळणाकडे पाहिलं. तिकडून कुणी यायचं नव्हतं. सगळे इथेच होते. त्यांनी पंच उचलला आणि काउंटरवर दोनदा ठोकला.